मॉनिटरचा शार्पनेस खालीच का ठेवायचा आणि कडांभोवतीची खोटी किनार कशी पकडायची

गेल्या लगनसराईत एक अल्बम मला दोनदा छापावा लागला. १२ बाय ३६ ची शीट, त्यावर नवरीचा क्लोजअप. छापून आल्यावर नथीचे मोती असे दिसत होते, जणू कुणी त्यांच्यावर तुपाचं बोट फिरवलंय. माझ्या स्क्रीनवर तेच मोती डोळ्यांना टोचत होते. मी प्रिंटवाल्या भाऊंना फोन लावला आणि दोन गोष्टी सुनावल्या. ते म्हणाले, "ताई, फाइलच मऊ आहे. दुसऱ्या स्क्रीनवर उघडून पाहा ना बाप्पा." लॅपटॉपवर उघडली. फाइल मऊच होती.

दोष मॉनिटरच्या एका आकड्याचा होता. मेनूतला शार्पनेस ७५ वर होता. प्रत्येक फोटोला मॉनिटर स्वतःच धार लावून दाखवत होता. ते पाहून मला वाटायचं की फोटो पुरेसा धारदार झालाय, आणि मी फोटोशॉपमध्ये हात आखडता घ्यायचे. मॉनिटरची ती धार फाइलमध्ये जात नाही, कागदावर तर नाहीच नाही. दुसऱ्यांदा छापायचा खर्च मी गिळला, भाऊंची माफी मागितली आणि एक रविवार या आकड्यामागे घालवला. त्या रविवारी जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. अल्बमचं काम करत नसाल, दिवसभर एक्सेल आणि मराठी टायपिंग करत असाल, तरी ही तपासणी अर्ध्या तासाची आहे.

शार्पनेस नेमकं करतो काय

नागपुरात सीताबर्डीवर हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्या आठवा. लाल अक्षर निळ्या पाटीवर उठून दिसत नसेल, तर पेंटर अक्षराभोवती पांढरी बारीक रेघ ओढायचा. अक्षराचा आकार तोच, पण लांबून ते ठसठशीत दिसायचं. मॉनिटरचा शार्पनेसही तेच करतो. तो नवा तपशील आणत नाही, कारण तो कुठून आणणार? केबलमधून जे पिक्सेल आले, तेवढेच त्याच्याकडे आहेत. जिथे उजेड आणि अंधार भेटतात तिथे उजेडाची बाजू तो आणखी उजळ करतो आणि अंधाराची बाजू आणखी गडद. ती उजळ-गडद जोडरेघ म्हणजेच किनार. इंग्रजी बोलणारे तिला हेलो म्हणतात.

एक ओळ आकड्यांत करून पाहू. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. शेजारी शेजारी सहा पिक्सेल आहेत: १२०, १२०, १२०, ६०, ६०, ६०. म्हणजे मधला राखाडी आणि त्याला लागून गडद राखाडी. आता साधा नियम घ्या: प्रत्येक पिक्सेल आपल्या दोन शेजाऱ्यांसकट काढलेल्या सरासरीपेक्षा जितका वेगळा आहे, तितकाच त्याला आणखी ढकला. कडेजवळच्या १२० ची सरासरी १०० येते, फरक २० चा, म्हणून तो १४० होतो. पलीकडच्या ६० ची सरासरी ८० येते, म्हणून तो ४० होतो. बाकीचे जागच्या जागी. निकाल: १२०, १२०, १४०, ४०, ६०, ६०. हा १४० आणि ४० मूळ चित्रात कुठेच नव्हता. प्रत्येक कंपनीचं सूत्र थोडं निराळं असतं, काही मॉनिटर दोन-तीन पिक्सेलपर्यंत हात पसरतात, पण जात एकच.

हे बटण आलं ट्यूबवाल्या टीव्हीच्या काळात. अँटेनातून किंवा जुन्या व्हिडिओ केबलमधून येता येता सिग्नलमधला बारीक तपशील झिजायचा, कडा लोण्यासारख्या व्हायच्या. तेव्हा थोडी किनार ओढली तर चित्र खरंच सुधारल्यासारखं वाटायचं. आज एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टमधून प्रत्येक पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा येतो. झिजलेलंच काही नाही, तर भरून काढायचं काय? बटण मात्र मेनूत राहिलं. शोरूममध्ये दहा स्क्रीन शेजारी लावल्या की ज्याची किनार जाड तो आधी नजरेत भरतो, म्हणून ते बऱ्याचदा वर करून ठेवलेलंही असतं.

पांढऱ्या पानावर किनार दिसत नाही, आणि लोक तिथेच फसतात

माझ्या भाच्याला हे सांगितलं तर त्याने वर्डचं पान उघडलं, शार्पनेस शंभरावर नेला आणि म्हणाला, "काहून मावशी, मला तर काहीच पांढरं दिसत नाही!" बरोबर आहे, दिसणारच नाही. वरचाच नियम २५५ आणि ० ला लावा. पांढऱ्याला ३४० व्हायचंय, पण २५५ च्या वर जागाच नाही. काळ्याला शून्याच्या खाली जायचंय, तिथेही नाही. दोघे होते तिथेच राहतात. म्हणून काळं अक्षर आणि पांढरं पान ही किनार शोधायला सर्वांत वाईट जागा. किनार दिसायला दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते, म्हणजे मधली राखाडी पार्श्वभूमी.

याचा अर्थ काळ्या-पांढऱ्या अक्षरांचं काही बिघडत नाही असा नाही. अक्षराची वळणं गुळगुळीत दिसावीत म्हणून काठावर मधल्या छटांचे पिक्सेल भरलेले असतात. पांढरा २५५ आणि काळा ० यांच्यामध्ये १८० चा एक फिका पिक्सेल असेल तर वरच्या नियमाने तो २१५ होतो, म्हणजे जवळजवळ पुसलाच जातो. तिथे ६० चा गडद असेल तर तो १५ होतो, जवळजवळ काळाच. फिके आणखी फिके, गडद आणखी गडद, आणि वळणाच्या पायऱ्या उघड्या पडतात. देवनागरीत हे लवकर दिसतं. शिरोरेषा आडवी आणि सरळ असल्याने ती छान कडक दिसते, पण खालचे क आणि ळ चे गोल करवतीसारखे होतात, ण आणि ष मधल्या फटी कुठे बुजतात, कुठे फाटतात. एकाच ओळीत काही अक्षरं जाड, काही बारीक. संध्याकाळपर्यंत डोळे शिणले तर आपण चष्म्याला दोष देतो.

तपासणीचं पान

बाजारातलं काही घ्यायची गरज नाही. नोटपॅड उघडा, खालचा मजकूर चिकटवा आणि `halo.html` नावाने जतन करा. मग ब्राउझरमध्ये उघडा.

```html
<body style="margin:0;background:#808080">
<svg width="700" height="400" shape-rendering="crispEdges">
<rect x="100" y="50" width="1" height="300" fill="#000"/>
<rect x="200" y="50" width="2" height="300" fill="#000"/>
<rect x="300" y="50" width="8" height="300" fill="#000"/>
<rect x="400" y="50" width="150" height="130" fill="#404040"/>
<rect x="400" y="220" width="150" height="130" fill="#c0c0c0"/>
</svg>
<p id="d"></p>
<script>d.textContent=devicePixelRatio</script>
</body>
```

राखाडी पानावर तीन काळ्या उभ्या रेघा दिसतील, १, २ आणि ८ पिक्सेल जाडीच्या. उजवीकडे एक गडद आणि एक फिका चौकोन. खाली एक आकडा येईल. तो नेमका 1 असला पाहिजे. 1.25 किंवा 1.5 आला तर विंडोज सगळं मोठं करून दाखवतंय, म्हणजे आपली एक पिक्सेलची रेघ एक पिक्सेलची राहिलेली नाही. डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल तपासणीपुरतं 100% करा आणि ब्राउझरचा झूमही 100% वर आणा. त्याच ठिकाणी रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळचंच आहे ना, हे बघा. फुल एचडी पॅनेल असेल तर 1920 × 1080. यात चूक राहिली तर मॉनिटर चित्र ताणतो, कडा आपोआप मऊ पडतात आणि मग पुढच्या एकाही निरीक्षणावर विसंबता येत नाही.

आता मॉनिटरच्या मेनूत जा. पिक्चर मोड स्टँडर्ड किंवा कस्टम करा. गेम, मूव्ही, फोटो, रीडिंग अशा नावांचे मोड बऱ्याचदा शार्पनेस आपल्या मनाने बदलतात. सुपर रिझोल्यूशन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट असलं काही चालू असेल तर बंद करा, कारण सुपर रिझोल्यूशन हे शार्पनेसचंच दुसरं नाव आहे. काही मॉनिटरांत एसआरजीबी मोड लावला की शार्पनेसची ओळ फिकी पडते आणि बदलता येत नाही. तसं झालं तर मोड बदला.

आधी वर, मग खाली

थेट खाली आणू नका. आधी शार्पनेस टोकाला न्या. किनार दिसते कशी हे एकदा डोळ्यात बसवायचं आहे. ८ पिक्सेलच्या काळ्या रेघेच्या दोन्ही अंगांना पार्श्वभूमीपेक्षा उजळ, जवळजवळ पांढरी बारीक रेघ उमटेल. गडद चौकोनाला बाहेरून उजळ आणि आतून काळपट चौकट येईल. फिक्या चौकोनाचं उलट: आतून उजळ, बाहेरून काळपट. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एक पिक्सेल साधारण ०.२७ मिलिमीटरचा असतो, म्हणून तोंड स्क्रीनपासून वीतभर अंतरावर न्या. माझ्या शेजारच्या काकांचं इतवारीच्या सराफ्यात दुकान आहे. हिरे बघायचं त्यांचं दहापट मोठं दाखवणारं भिंग मी तासाभरासाठी मागून आणलं. त्यातून पिक्सेल सुटे सुटे दिसतात आणि शंका उरत नाही. तसं भिंग नसेल तर वाचायचं साधं भिंगही चालतं.

मग पाच-पाचने खाली या. माझ्या मॉनिटरवर १०० ला किनार खोलीच्या दारातून दिसत होती. ७५ ला, म्हणजे माझ्या रोजच्या आकड्याला, वीतभर अंतरावरून स्वच्छ दिसत होती, आणि मी दोन वर्षं त्यावर काम केलं होतं. ६० ला नुसत्या डोळ्यांना काही कळेना, पण भिंगाखाली काळ्या रेघेला लागून एक पिक्सेल बाकी राखाडीपेक्षा उजळ होता. ५० ला तो फरक गेला.

इथे थांबायचा मोह होतो, पण आणखी खाली जाऊन बघा, कारण गोम पुढेच आहे. मी ४० वर नेलं तेव्हा एक पिक्सेलची काळी रेघ काळी राहिली नाही. ती गडद राखाडी झाली आणि तिच्या दोन्ही शेजाऱ्यांवर तिची सावली सांडली, ओल्या कागदावर शाई पसरावी तशी. म्हणजे या मॉनिटरमध्ये ५० म्हणजे "काहीच करू नको", त्याच्या वर धार लावणं आणि खाली मुद्दाम धूसर करणं. शून्यावर नेलं असतं तर एक खोटं सोडून दुसरं धरलं असतं.

भाच्याच्या मॉनिटरवर उलट निघालं. शून्याला रेघ नितळ काळी, किनार नाही, आणि पहिल्याच पायरीला किनार सुरू. तिथे शून्य हाच तटस्थ आकडा. म्हणून कुणी सांगितलेला आकडा घेऊ नका, त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचाही नाही. खूण एकच: ८ पिक्सेलच्या रेघेला उजळ किनार नाही आणि १ पिक्सेलची रेघ अजून पूर्ण काळी आहे, असा आकडा. दोन आकड्यांमध्ये मन अडकलं तर मी खालचा घेते. किंचित मऊपणा फोटोच्या कामात फसवत नाही, किनार फसवते.

किनार आहे, पण मॉनिटरची नाही

हा भाग मी रविवारी सोडून दिला होता आणि नंतर पस्तावले. आकडा खाली आणूनही एका फोटोत किनार राहत होती. दिवाळीतला फुटाळा तलावाचा फोटो, संध्याकाळचं आभाळ, आणि झाडांच्या फांद्यांना बाहेरून पांढरट कड. ती किनार फोटोतच होती, मोबाइलच्या कॅमेऱ्याने लावलेली.

कुणाची किनार हे ओळखायची सोपी युक्ती आहे. स्क्रीनशॉट घ्या. मॉनिटर जे काही करतो ते केबलच्या पलीकडे, त्यामुळे ते स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. पेंटमध्ये तो स्क्रीनशॉट आठपट मोठा करा. तिथेही कडेला वेगळ्या छटेचा पिक्सेल दिसला, तर दोष फाइलचा किंवा प्रोग्रामचा. तिथे पिक्सेल स्वच्छ असतील आणि काचेवर किनार दिसत असेल, तर ती स्क्रीनशॉटच्या पुढच्या टप्प्यावर लागलेली. बहुतेक वेळा मॉनिटर, क्वचित ग्राफिक्स कार्ड: एनव्हिडिया आणि एएमडी दोघांच्या सॉफ्टवेअरमध्ये इमेज शार्पनिंग नावाची सोय असते. ती गेमसाठी असते. एकदा बंद करून पुन्हा बघा.

मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून मात्र काहीही ठरवू नका. मोबाइलचा कॅमेरा स्वतःच भरपूर धार लावतो, त्यामुळे प्रत्येक मॉनिटर गुन्हेगार दिसेल.

डोळाही फसवतो. दोन राखाडी शेजारी आले की मेंदू त्यांच्या सीमेवर आपणहून उजळ-गडद पट्टे काढतो. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये अशा पट्ट्यांबद्दल लिहिलं होतं. शंका आली तर चौकोनाच्या कडेवर पोस्टकार्ड असं धरा की गडद बाजू पूर्ण झाकली जाईल आणि उजळ बाजूच तेवढी दिसेल. डोळ्याने काढलेली किनार तेवढ्याने विरते. मॉनिटरने काढलेली कार्डाच्या काठाला तशीच चिकटून राहते.

आणि किनार फक्त माउस किंवा खिडकी सरकवतानाच मागे दिसत असेल, थांबल्यावर जात असेल, तर तिचा शार्पनेसशी संबंध नाही. ती पॅनेलच्या ओव्हरड्राइव्हची करामत, मेनूत रिस्पॉन्स टाइम म्हणून असते. एक पायरी कमी करा.

जुनी निळी केबल आणि भिंतीवरचा टीव्ही

निळ्या टोकाची व्हीजीए केबल अजून बऱ्याच ऑफिसांत आहे. तिच्यातून सिग्नल अ‍ॅनालॉग येतो, तो खरोखर झिजतो, आणि तिथे शार्पनेस एखादी पायरी वर ठेवला तर मी नाक मुरडणार नाही. पण आधी मेनूतलं ऑटो अ‍ॅडजस्ट दाबा, तेही पडदाभर अक्षरं असलेलं पान समोर ठेवून. निम्मा धूसरपणा तिथेच जातो. लांब किंवा हलक्या केबलमुळे अक्षराला भुताटकीची सावलीही पडते. ती ओळखू येते, कारण ती एकाच बाजूला, उजवीकडे पडते. शार्पनेसची किनार दोन्ही बाजूंना सारखी असते.

टीव्हीला कॉम्प्युटर जोडला असेल तर त्या एचडीएमआय इनपुटचं नाव किंवा प्रकार पीसी करा. बऱ्याच टीव्हींमध्ये तेवढ्याने चित्रावरची पुष्कळशी प्रक्रिया बंद होते आणि अक्षरांचे रंगीत काठ निवळतात. मग वरचंच पान उघडून पुन्हा तपासा.

दोन दिवस वाईट दिसेल

७५ वरून ५० वर आल्यावर मला पहिल्या दिवशी स्क्रीनवर साय धरल्यासारखं वाटलं. एकदा तर मी परत ६५ वर नेलाही. डोळ्याला किनारीची सवय झालेली असते, तिखटाची होते तशी. तिसऱ्या दिवशी भाच्याकडे ९० वरचा मॉनिटर पाहिला तर फोटोतली माणसं पुठ्ठ्यातून कापल्यासारखी दिसली. अक्षरं त्यानंतरही मऊच वाटत असतील तर शार्पनेसकडे परत जाऊ नका. विंडोजमध्ये रन उघडून `cttune` टाइप करा, मूळ रिझोल्यूशनचा पर्याय ठेवा आणि पुढच्या पडद्यांवर सर्वांत चांगला वाटेल तो नमुना निवडत जा.

तो नथीचा फोटो मी नव्या आकड्यावर पुन्हा उघडला. शंभर टक्के झूमवर मोत्यांची कड खरोखर विरघळलेली होती, कागदावर होती तशीच. या वेळी धार फाइलमध्ये लावली.

शेवटची गोष्ट: बऱ्याच मॉनिटरांत प्रत्येक मोडचा शार्पनेस वेगळा साठवला जातो, काहींत प्रत्येक इनपुटचाही. भाचा सुट्टीत गेम मोड लावून जातो आणि माझे ५० कुठेतरी हरवतात. म्हणून मॉनिटरच्या मागे कागदाची पट्टी चिकटवली आहे: "एचडीएमआय १, कस्टम, शार्पनेस ५०". मोठा अल्बम सुरू करायच्या आधी `halo.html` उघडते, ८ पिक्सेलच्या रेघेकडे बघते आणि मगच पहिला फोटो उघडते.